लाल बटू ताऱ्यांपाशी घर करणं अवघड का?

प्रश्न: रेड ड्वार्फ, म्हणजे छोटे, मंद लाल बटू तारे सगळ्यात जास्त आहेत, सूर्यापेक्षा कितीतरी जास्त काळ जळतात, मग जीवसृष्टी तिथेच सापडायला पाहिजे ना? लोक त्यांच्यावर नाक का मुरडतात?

संख्येचं म्हणाल तर खरंय, आपल्या आकाशगंगेतले चारातले जवळपास तीन तारे असलेच. पण घोळ संख्येचा नाहीये, अंतराचा आहे. शेकोटी बारीक असली की ऊब मिळायला अगदी चिकटून बसावं लागतं, आणि मग ठिणग्याही अंगावरच येतात.

आपला सगळ्यात जवळचा शेजारीच घ्या, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर. मेअखेरीस रात्री अकराच्या सुमारास कोकणात दक्षिणेचा समुद्र मोकळा दिसत असेल तर क्षितिजाच्या जेमतेम वर मित्र नावाचा तारा दिसतो, प्रॉक्झिमा त्याच्याच कुटुंबातला, पण इतका मंद की दुर्बिणीशिवाय दिसणारच नाही. वस्तुमान सूर्याच्या साधारण १२ टक्के, प्रकाश मात्र ०.१६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वजन आठपटीने कमी तर उजेड सहाशे पटीने कमी! त्याचा प्रॉक्झिमा बी हा ग्रह २०१६ मध्ये सापडला, तो ताऱ्यापासून फक्त ७३ लाख किमीवर आहे, सूर्यापासूनच्या आपल्या अंतराच्या विसाव्या भागाइतकं, आणि त्याचं वर्ष ११.२ दिवसांचं. एवढं चिकटून बसूनसुद्धा पृथ्वीला मिळते त्याच्या दोन-तृतीयांशच ऊब मिळते.

आता एक साधा हिशोब करू. भरतीओहोटीवाली ओढ अंतर कमी होईल तशी त्याच्या घनाने वाढते. अंतर विसावं झालं की ओढ आठ हजार पट, नीट आकडा धरला तर पावणेनऊ हजार, तारा हलका म्हणून त्याला ०.१२ ने गुणा, तरी सूर्य पृथ्वीला ताणतो त्याच्या हजार पट उरते. एवढ्या ताणाने ग्रहाची गिरकी हळूहळू मंदावत जाते आणि शेवटी चंद्र जसा आपल्याला एकच तोंड दाखवतो तसा तो ताऱ्याला एकच बाजू दाखवत बसतो, यालाच लॉक होणं म्हणतात. एकीकडे कायमची दुपार, दुसरीकडे कायमची रात्र. (कक्षा थोडी लांबुळकी असेल तर बुधासारखं दोन फेऱ्यांत तीन गिरक्या हेही चालू शकतं, त्यामुळे लॉक झालाच असं छातीठोक सांगता येत नाही.)

पण खरं सांगू का, मला लॉक होणं हा तेवढा मोठा खलनायक वाटत नाही. आधी लोकांना भीती होती की रात्रीच्या बाजूला हवाच गोठून बर्फासारखी खाली पडेल, मग १९९७ च्या सुमारास केलेल्या मॉडेल्समध्ये दिसलं की पृथ्वीवरच्या दाबाच्या दहाव्या भागाइतका कार्बन डायऑक्साइड असला तरी वारे उष्णता पलीकडे नेतात आणि हवा टिकते. म्हणजे सगळं एका गोष्टीवर येऊन अडतं, मुळात हवा शिल्लक आहे का?

आणि इथे ताऱ्यावरचे भडके, म्हणजे फ्लेअर, आडवे येतात. असल्या छोट्या ताऱ्यात आतपासून वरपर्यंत सगळं उकळत्या आमटीसारखं घुसळत असतं, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पिळवटतं, तुटतं आणि भडका उडतो. १ मे २०१९ ला प्रॉक्झिमाचा असाच एक भडका एकाच वेळी अनेक दुर्बिणींनी पकडला, अतिनील प्रकाशात तारा सात सेकंदांत तब्बल १४,००० पट उजळला. आणि ग्रह विसाव्या अंतरावर, म्हणजे तेवढाच भडका पृथ्वीच्या अंतरावरून बसला असता त्यापेक्षा चारशे पट जोरात बसतो. एकदाच झालं तर निभावेल हो, पण तारा सूर्याएवढा जुना होऊनही हे चालूच आहे. या किरणांनी वरची हवा तापते, पाण्याच्या वाफेचे तुकडे होतात, हायड्रोजन हलका म्हणून निसटून जातो, आणि जमिनीवर कुणी असलंच तर त्याच्या डोक्यावरचं ओझोनचं छप्परही फाटत राहतं.

त्यात भर म्हणजे हे तारे लहानपणी आत्तापेक्षा बरेच प्रखर असतात आणि ते लहानपण कोट्यवधी वर्षं चालतं. त्यामुळे आज बरोब्बर उबदार जागी असलेला ग्रह तेव्हा भाजून निघालेला असतो, पाणी तेव्हाच गेलं असेल तर नंतर थंड होऊन उपयोग काय?

हवा आहे की नाही हे कळतं कसं, तर लॉक होण्याचाच त्यासाठी फायदा होतो. हवा असली तर दिवसाची उष्णता रात्रीकडे वाटली जाते आणि दिवसाची बाजू अपेक्षेपेक्षा थंड निघते, नसली तर ती नागड्या दगडासारखी तापते. २०२३ मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने ट्रॅपिस्ट-१ या दुसऱ्या लाल बटू ताऱ्याच्या सगळ्यात आतल्या ग्रहाची उष्णता मोजली, दिवसाची बाजू २३० अंश सेल्सियसच्या आसपास निघाली, म्हणजे नागड्या दगडाचा हिशोब जवळपास तंतोतंत. अर्थात त्याला पृथ्वीच्या चौपट ऊब मिळते, त्याच्यावरून बाहेरच्यांचा निकाल लावू नका. त्या ताऱ्याच्या सात ग्रहांतला चौथा, ट्रॅपिस्ट-१ ई, नेमका उबदार पट्ट्यात आहे, माझं लक्ष त्याच्याकडेच आहे.