वीकेंड सहलींवर एकत्र व्हिडिओ: मेसेजमध्ये काय लिहावं?

प्रश्न: माझं दापोलीचं छोटं ट्रॅव्हल चॅनल आहे. गुहागरच्या तेवढ्याच चॅनलला वीकेंड सहलींवर एकत्र व्हिडिओ करूया, असा मेसेज कसा लिहू?

उत्तर: ‘कोलॅब करूया का’ एवढंच विचारू नका, ठरलेला मार्ग आणि कामाची वाटणीच पाठवा. म्हणजे समोरच्याला फक्त हो, नाही किंवा तारीख कळवायची उरते. मी असे दोन व्हिडिओ केलेत. पहिल्या वेळी वाटणी न ठरवल्याने फुटेजवरून मनं दुखावली. मी असं लिहीन:

“नमस्कार, तुमचा वेळणेश्वरचा व्हिडिओ पाहिला. मुक्कामाचा खर्च स्पष्ट सांगितलात, ते फार आवडलं. दापोली ते गुहागर दोन दिवसांची सहल एकत्र दाखवूया का? शनिवारी मुरुड, हर्णै, दाभोळ मी दाखवतो. संध्याकाळी दाभोळ–धोपावे फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून तुमच्याकडे येतो. रविवारी गुहागर, हेदवी तुम्ही दाखवा. पहिला भाग माझ्या चॅनलवर, दुसरा तुमच्या, एकाच दिवशी. फुटेज दोघांनाही वापरता येईल, खर्च ज्याचा त्याने. नोव्हेंबरातला कुठला शनिवार जमेल?”

दोन भाग मुद्दाम, कारण यूट्यूबवर जाहिरातींचं उत्पन्न व्हिडिओ ज्या चॅनलवर असतो त्यालाच जातं. धक्क्यावरची भेट मात्र दोन्ही भागांत ठेवा, तिथूनच प्रेक्षक पुढच्या भागाकडे वळतो. फक्त हीच आखणी पावसाळ्यात चालणार नाही: खवळलेल्या पाण्यात फेरी बंद राहू शकते आणि चिपळूणमार्गे वळसा घ्यावा लागला, तर संध्याकाळचा उजेड हातचा जातो.