बिझनेस क्लासचे पैसे आणि एकविसावी रांग

प्रश्न : गेल्या महिन्यात मुंबईहून दुबईला मुलीकडे गेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून जाता-येता बिझनेस क्लासचं तिकीट काढलं, ९६ हजार रुपये. काउंटरवर म्हणाले, विमान बदललंय, बिझनेसच्या सीट कमी आहेत, आणि मला मागे एकविसाव्या रांगेत बसवलं. तक्रार केली तर 'भाड्यातला फरक' म्हणून ११ हजारांचं व्हाउचर देतायत. घ्यावं का? (एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे)

ताई, व्हाउचर घेऊ नका. आणि त्यासोबत 'फुल अँड फायनल' असं लिहिलेला मेल आला असेल, तर त्याला 'ओके' असं उत्तरही देऊ नका.

हा ११ हजारांचा आकडा कुठून आला ते आधी बघू. तुम्ही पाठवलेल्या बिलात जाण्याच्या प्रवासाचे करांसह ५२ हजार दाखवलेत. कंपनीने त्यातून त्या दिवशीचं इकॉनॉमीचं भाडं, ४१ हजार, वजा केलं. आयत्या वेळचं इकॉनॉमी भाडं नेहमीच चढं असतं. तुम्ही तिकीट काढलंत त्या दिवशी ते बरंच कमी असणार. हिशेब असा मांडला की फरक आपोआप आटतो.

पण नियमात हा 'फरक' मोजायचाच नाही. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने १५ फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या नियमावलीत (सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४) ठरवून दिलंय की प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध त्याला खालच्या वर्गात बसवलं, तर करांसह तिकिटाच्या रकमेचा ठरावीक हिस्सा परत द्यायचा. देशांतर्गत प्रवासात हा हिस्सा ७५ टक्के. परदेशी उड्डाणात अंतरावर : १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० पर्यंत ५० टक्के, त्यापुढे ७५. मुंबई ते दुबई साधारण १९०० किलोमीटर, म्हणजे तुम्ही मधल्या टप्प्यात येता. ५२ हजारांचे निम्मे, २६ हजार.

सगळ्या ९६ हजारांवर मागू का, असं तुमच्या मनात येईल. माझं मत, नको. येताना तुम्ही बिझनेसमध्येच बसलात ना? मग टक्के त्या एकाच उड्डाणाच्या रकमेवर मोजणं सरळ आहे. फुगवलेली मागणी दिसली की समोरच्याला भांडायला आयता मुद्दा मिळतो.

'विमान बदललं' ही सबब इथे फारशी चालत नाही. याच कारणांनी लोकांना मागे ढकललं जातं म्हणून तर हा नियम आला. खरा वाद 'इच्छेविरुद्ध' या शब्दावर होतो. काउंटरवर तुम्ही कसल्या कागदावर सही केली होती का, ते आठवून बघा. केली असेल तर त्यावर काय लिहिलं होतं हे कळल्याशिवाय पत्र पाठवू नका. नसेल तर तिकीट आणि बोर्डिंग पासचा तुकडा पुरे. एकावर बिझनेस, दुसऱ्यावर २१ क्रमांकाची सीट. तो तुकडा पर्समध्ये चुरगळलेला असेल तर आजच फोटो काढून ठेवा, त्या कागदावरची शाई उडते.

पत्र इंग्रजीत पाठवा, मजकूर एवढाच :

'पीएनआर अमुक, तारीख अमुक, मुंबई ते दुबई. मी बिझनेस क्लासचं तिकीट घेतलं होतं, मला इकॉनॉमीत २१ क्रमांकाच्या रांगेत बसवण्यात आलं. मी यास संमती दिली नव्हती. डीजीसीएच्या नियमावलीनुसार (सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४) ५२,००० रुपयांच्या ५० टक्के म्हणजे २६,००० रुपये माझ्या बँक खात्यात १५ दिवसांत जमा करावेत. आपण देऊ केलेलं व्हाउचर मला मान्य नाही.'

गुडघ्याची हकीकत या पत्रात नको. ती खरी आहे, पण २६ हजारांना तिची गरज नाही. नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर तिथे ऑपरेशनचे कागद कामी येतील.

पत्र कस्टमर केअरला पाठवून थांबू नका. कंपनीच्या वेबसाइटवर नोडल अधिकाऱ्याचा पत्ता असतो, त्याला पाठवा, आणि पंधरा दिवसांत हललं नाही तर त्याच्या वरच्या अपील अधिकाऱ्याला. सोबत सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिथला तक्रार क्रमांक पुढच्या प्रत्येक मेलच्या विषयात लिहा.

तरीही नाही दिले तर ग्राहक आयोग. त्यासाठी मुंबईला खेटे घालायचे नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे बडोद्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही (वकील असूनही हे मीच सांगतोय). मुदत दोन वर्षं, ती प्रवासाच्या तारखेपासून धरून चाला. कंपनीशी मेलामेली चालू आहे म्हणून ती थांबत नाही. आयोगात २६ हजारांसोबत मनस्ताप आणि खर्चही मागा, पण ती रक्कम आयोग आपल्या अंदाजाने ठरवतो. हक्काचे म्हणून धरायचे ते २६ हजारच.