पहिला लेग घेतला, दुसरा राहिला

प्रश्न: निफ्टीचा बुल कॉल स्प्रेड करताना आधी खरेदीचा लेग घ्यावा आणि भाव वाढल्यावर दुसरा विकावा, की बास्केटमधून दोन्ही एकदम टाकावेत? एकेक करण्यात नक्की धोका कुठे आहे? अमळनेरला राहतो, भांडवल साठेक हजार आहे.

भाऊ, मी चोपड्याचा. हा धडा मला एका पावसाळी शुक्रवारी मिळाला, त्यामुळे तोच हिशेब मांडतो. २०२५ चा जुलै, निफ्टी २५,००० च्या आसपास, एक्सपायरी पुढच्या गुरुवारी. लॉट तेव्हा ७५ चा होता. आकडे थोडे गोल करून लिहितोय.

२५,००० चा कॉल १४० ला होता, २५,२०० चा ६० ला. पहिला घ्यायचा, दुसरा विकायचा, म्हणजे निव्वळ खर्च ८० रुपये, लॉटमागे ६,०००. निफ्टी एक्सपायरीला २५,२०० च्या वर गेला तर स्प्रेडचे २०० मिळणार, म्हणजे नफा १२० गुणिले ७५, ९,०००. व्यवहार मला पटलेला होता. पण पहिला लेग घेतल्यावर मनात आलं की बाजार जरा वर चाललाय, दुसरा लेग ६० ऐवजी ७० ला विकला तर काय बिघडलं? थांबलो. तेवढ्यात लाईट गेली, राउटर बंद, मोबाइलला एकच दांडी. पंधरा मिनिटांनी अ‍ॅप उघडलं तेव्हा निफ्टी ६० अंक खाली होता.

आता २५,००० चा कॉल ११२ वर होता आणि २५,२०० चा ४७ वर. दुसरा लेग ४७ ला विकला तर माझा स्प्रेड ९३ ला पडणार. बाजारात मात्र तोच स्प्रेड तेव्हा ६५ ला मिळत होता. सुरुवातीलाच दोन्ही लेग घेतले असते तर ८० चे ६५ झाले असते, म्हणजे १५ रुपये, लॉटमागे १,१२५ चा तोटा. अर्ध्या व्यवहारामुळे तो २८ रुपये, म्हणजे २,१०० झाला. पडझड तेवढीच, तोटा जवळपास दुप्पट.

कारण डेल्टामध्ये आहे. निफ्टी एक अंक हलला की २५,००० चा कॉल साधारण अर्ध्या रुपयाने हलतो आणि २५,२०० चा पाव रुपयाच्या थोडा वर. दोन्ही हातात असतील तर एकाचं हलणं दुसरा खातो, आणि स्प्रेड वीस-बावीस पैशांनीच हलतो. दुसरा लेग येईपर्यंत तुम्ही स्प्रेडमध्ये नसताच, दुपटीहून जास्त हलणाऱ्या मोकळ्या कॉलमध्ये असता. आमचा आबा असता तर म्हणाला असता, एक बैल बांधीसन जोडी सांगस, दुसरा बैल कोठे शे?

बाजार वर गेला असता तर? ६० अंक वर गेल्यावर २५,२०० चा कॉल ८१ च्या आसपास आला असता आणि माझा स्प्रेड ५९ ला पडला असता. हे होतं, आणि चारदा झालं की सवय लागते. पण ही कमाई स्प्रेडच्या हुशारीची नाही, मोकळ्या कॉलवर लावलेल्या पैजेची आहे. ती लावायची असेल तर सरळ कॉल घ्या आणि त्याचा स्टॉप ठरवा. बाजार जागेवर बसला तरी फुकट बसत नाही. त्या आठवड्यात २५,००० चा कॉल दिवसाला १२ रुपयांच्या आसपास वितळत होता, २५,२०० चा दहाच्या आसपास. स्प्रेड पूर्ण असता तर दुसऱ्याचं वितळणं माझ्या खिशात आलं असतं. तो विकलेलाच नव्हता, म्हणून पहिल्याचं वितळणं माझं आणि दुसऱ्याचं कोणा तिसऱ्याचं.

एकेक लेग करण्यात खरोखर वाचतं ते फक्त बोली आणि मागणी यांच्यातलं अंतर. मधल्या भावाला लिमिट लावून बसलात तर निफ्टीच्या चालत्या स्ट्राइकवर अर्धा रुपया, फार तर एक रुपया सुटतो. तो रुपया मोकळ्या लेगवर निफ्टीच्या दोन अंकांत जातो, आणि दोन अंक हलायला निफ्टीला काही सेकंद लागतात.

आता बास्केटकडे येऊ, कारण तिथे बहुतेकांचा गैरसमज असतो. ब्रोकरच्या अ‍ॅपमधली बास्केट ही सहसा एक ऑर्डर नसते. ती दोन वेगळ्या ऑर्डर एकापाठोपाठ पाठवते, एवढंच. मार्जिन दोन्ही मिळून दाखवते, म्हणून एक वाटते. ऑर्डर बुकमध्ये जाऊन बघा, दोन वेगळे क्रमांक आणि दोन वेगळ्या वेळा दिसतील. पहिली भरली आणि दुसरी लिमिट न गाठल्यामुळे लटकली, किंवा मार्जिन कमी पडून परत आली, असं होऊ शकतं. तरीही मी बास्केटच वापरतो, कारण मधलं अंतर पंधरा मिनिटांवरून सेकंदावर येतं आणि मनाला खेळायला जागा उरत नाही. दुसरी ऑर्डर भरलीय का, हे मात्र लगेच बघतो.

दोन्ही किंवा काहीच नाही, अशी खरी एकच ऑर्डर एक्स्चेंजवर असते. फ्युचर्सच्या दोन महिन्यांमधल्या कॅलेंडर स्प्रेडचं एनएसईवर वेगळं ऑर्डर बुक आहे. तिथे भाव फरकाचा लावायचा असतो, एकेका महिन्याचा नाही. रोलओव्हर करायचा असेल आणि ब्रोकर ती खिडकी देत असेल तर तीच वापरा. ऑप्शनसाठी दोन-तीन लेगची ऑर्डरही आहे, पण ती तत्काळ भरली नाही तर रद्द होते, आणि साध्या मोबाइल अ‍ॅपमध्ये मला ती दिसलेली नाही.

तुमच्या साठ हजारांत क्रम उलटवता येणार नाही. आधी विकायला गेलात तर मोकळ्या कॉलला लाखाच्या वर मार्जिन लागतं, ऑर्डर परतच येईल. म्हणून आत जाताना खरेदी आधी. बाहेर पडताना बरोबर उलट, विकलेला कॉल आधी परत घ्यायचा आणि मगच हातातला विकायचा. घाईत हातातला आधी विकला तर उरलेला विकलेला कॉल मोकळा पडतो, मार्जिन कमी दिसतं आणि दंड लागू शकतो.

आता मी निव्वळ भाव आधीच कागदावर लिहितो. ८० ला योग्य वाटला तर ८२ पर्यंत चालेल, वर नाही. पहिला लेग भरला की दुसऱ्याची लिमिट लगेच समोरच्या बोलीवर टाकतो, एखादा रुपया सोडून. मधला भाव मिळवायला बसत नाही. निफ्टीत हे चालतं. शेअरच्या ऑप्शनमध्ये लांबच्या स्ट्राइकला बोली-मागणीत तीन-चार रुपयांची दरी असते, तिथे ज्या लेगला गिऱ्हाईक कमी तोच आधी भरायला हवा, पण तो विक्रीचा निघाला तर मार्जिन आडवं येतं. अशा शेअरमध्ये मी स्प्रेड करणंच सोडलं.

आणि दुसरा लेग अडकलाच तर १४० विसरायचे. त्या शुक्रवारी मला एकच प्रश्न विचारायचा होता, हा स्प्रेड आता ६५ ला मिळतोय, मी नव्याने घेईन का? उत्तर हो असेल तर दुसरा लेग लगेच ४७ ला विकायचा, नाही असेल तर पहिला ११२ ला मोडायचा. मी यातलं काहीच केलं नाही, भाव ६० वर परत येईल म्हणून आणखी अर्धा तास बसलो. शेवटी ३९ ला विकला.