चिठ्ठ्यांचा हिशेब पालकांना कसा कळवावा?

प्रश्न: पुण्यातल्या शाळेत शिकवते. क्रीडादिनाची हाउस सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवली, तरी पालकांना शंका आहे. सूचनेत काय लिहू?

चिठ्ठ्यांचा हिशेबच लिहा. नुसतं ‘चिठ्ठ्या टाकल्या’ म्हटलं तर शंका तशीच राहते. उदाहरणार्थ: ‘वर्गात ४२ मुलं, हाउस चार. प्रत्येक हाउसच्या १० चिठ्ठ्या सर्वांसमोर मोजून, सारख्या घड्या घालून डब्यात टाकल्या. उरलेल्या २ जागा कोणत्या हाउसना, हेही आधी चिठ्ठीनेच ठरवलं. मुलांनी हजेरीच्या क्रमाने स्वतः चिठ्ठी उचलली. हाउस लगेच फळ्यावर लिहिलं.’ मात्र भावंडांना एकाच हाउसमध्ये ठेवलं असेल, तर तेवढ्या चिठ्ठ्या आधीच बाजूला काढल्या होत्या, हे स्पष्ट लिहा. पालकांचा संशय बहुधा तिथूनच सुरू होतो.