खुलाशातला 'मी'

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या खुलाशाचा मसुदा दोनदा वाचला. 'सदर यादीमध्ये तांत्रिक कारणास्तव नजरचुकीने तफावत झाल्याचे निदर्शनास आले आहे.' व्याकरणाची चूक काढायला जागा नाही. पण चूक कोणी केली, कधी केली, किती रुपयांची झाली, यातलं काहीच कळत नाही. जवळपास हेच वाक्य मी 2018 साली, तहसील कार्यालयात अव्वल कारकून असताना, माझ्या हाताखालच्या एका कनिष्ठ लिपिकाच्या कागदावर वाचलं होतं.

त्या फेब्रुवारीत मराठवाड्यात गारपीट झाली होती. पंचनामे झाले, तलाठ्यांकडून याद्या आल्या. सरकारी मदतीचा दर जिरायतीला हेक्टरी 6,800 रुपये असा होता. एका गावाच्या यादीत 64 नावं होती. एखादा खाते क्रमांक दोनदा तर आला नाही ना, हे पाहायला या पोरानं तेवढाच रकाना निवडून चढत्या क्रमानं लावला. Excel अशा वेळी विचारतं: `Expand the selection` की `Continue with the current selection`. यानं दुसरं दाबलं. खाते क्रमांक वर-खाली झाले, नावं आणि रकमा जागच्या जागी राहिल्या.

गंमत अशी की बेरीज तंतोतंत जुळली. जुळणारच, रकमा हलल्याच नव्हत्या. मी बेरीज पाहिली, 'तपासले' म्हणून सही ठोकली. बँक नाव जुळवत बसत नाही, क्रमांकावर पैसे टाकते. शिवाय यादीतलं प्रत्येक खातं खरं होतं, त्यामुळे एकही रक्कम परत आली नाही. पाच ओळी जरी पासबुकाच्या झेरॉक्सशी ताडून पाहिल्या असत्या तर तिथंच सापडलं असतं.

पैसे गुरुवारी, 12 एप्रिलला जमा झाले. शुक्रवारी एक म्हातारे पासबुक घेऊन टेबलाशी आले. दोन हेक्टरचे 13,600 यायला हवे होते, जमा होते 2,720. पोराचा चेहरा उतरला. त्यानं संध्याकाळी बँकेला पत्र पाठवलं: 'काही खात्यांमध्ये तफावत आढळून आली असून योग्य ती कार्यवाही व्हावी.' शनिवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी, मग रविवार. सोमवारी शाखाधिकाऱ्यांचा फोन आला, "काही खाती म्हणजे कोणती? आणि कार्यवाही म्हणजे मी नेमकं करू काय?" तोवर काही जणांनी पैसे काढून नेले होते. माझ्या मते खरं नुकसान त्या एका मोघम पत्रानं केलं.

त्याच दिवशी तो तलाठ्याची मूळ यादी शेजारी ठेवून बसला. 61 खाती चुकली होती. पण साहेबांना 61 सांगून उपयोग नव्हता. सहा जणांची रक्कम योगायोगानं तेवढीच निघाली, 27 जणांना कमी आणि 28 जणांना जास्त गेले होते. जास्त गेलेले एकूण 1,14,920 रुपये. वसुली करायची ती एवढीच, आणि कमी मिळालेल्यांना द्यायचेही तेवढेच.

मग त्यानं अहवाल लिहिला, एक पान. सुरुवात अशी होती: '4 एप्रिल रोजी मी यादीतील फक्त खाते क्रमांकांचा रकाना क्रमाने लावला. त्यामुळे 61 शेतकऱ्यांची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात गेली. 28 जणांना एकूण 1,14,920 रुपये जास्त गेले. यादी सोबत जोडली आहे. यापैकी किती रक्कम काढली गेली, हे बँकेकडून उद्या कळेल.' पुढे एक वाक्य होतं: 'अव्वल कारकून यांनी बेरीज तपासली, खाते क्रमांक तपासले नाहीत.'

ते वाक्य मीच घालायला लावलं असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं आपणहून लिहिलं होतं. मी बराच वेळ कागद हातात धरून बसलो. चहा गार झाला. मग कागद पुढे पाठवला.

तहसीलदारांनी दोघांनाही ज्ञापन दिलं. पण त्या जोडलेल्या यादीवर बँकेनं उरलेल्या रकमा त्याच दिवशी रोखल्या, आणि तलाठी कोणाच्या दारी किती मागायला जायचं हे ठाऊक असून गावात गेला. दोघांकडचे मिळून 13,600 रुपये तेवढे बरेच दिवस अडकले. त्यातला एक खतासाठी पैसे खर्चून बसला होता, त्याच्याशी भांडण तरी काय करणार?

तुझा मसुदा परत पाठवतो आहे. 'सदर' सात वेळा आलंय, 'मी' एकदाही नाही. जास्त गेलेली रक्कम किती, ते कुठंच नाही. आकडा अजून हाती आला नसेल तर कधीपर्यंत येईल ते लिही. आणि तपासणीच्या रकान्यात तुझ्या साहेबांची सही दिसते. त्यांनी काय तपासलं होतं, ते आधी त्यांनाच विचार, मग लिही.

तुझा,
काका