किल्ल्याच्या सहलीसाठी शोधपत्रिका: मी ती कशी बनवतो

प्रश्न: «सहावीची ५४ मुलं बेळगावच्या किल्ल्यात न्यायची आहेत. मागच्या वेळी मुलं रांगेत फिरली, डबा खाल्ला आणि परत आली. या वेळी हातात प्रश्नांचा कागद देऊन शोधायला लावायचं आहे. प्रश्न कसे काढू? किती काढू?»

बाई, माझ्या पहिल्या कागदाची गोष्ट आधी सांगतो. त्यावर बावीस प्रश्न होते. किल्ला कोणी बांधला, कोणत्या साली, आतली बस्ती, म्हणजे जैन मंदिर, कोणत्या तीर्थंकराची, असे सगळे. मुलं फलकासमोर घोळका करून उभी राहिली, एकानं वाचलं, बाकीच्यांनी उतरवलं, आणि पंधरा मिनिटांत कागद माझ्या हातात. शाळेत येऊन तपासले तर एकच चुकलेला शब्द चाळीस कागदांवर तसाच चुकलेला! कागद फसला हे ओळखायची याहून सोपी खूण नाही.

तेव्हापासून प्रत्येक प्रश्नाला एक कसोटी लावतो. घरी बसून, पुस्तक किंवा मोबाईल बघून उत्तर देता येत असेल तर प्रश्न खोडायचा. या कसोटीत सन आणि नावं सगळी गळतात. कमल बस्ती १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचिराज नावाच्या अधिकाऱ्यानं बांधली, हे तुम्ही बसमध्येच सांगून टाका. कागदावर फक्त डोळे, पावलं आणि डोकं लागेल तेवढंच ठेवा. सात प्रश्न पुरतात. दोन तासांत त्याहून जास्त नीट होत नाहीत.

आता प्रत्यक्ष कागद. सुरुवात दरवाजापाशी, खंदकावर. हा भुईकोट, डोंगराचा आधार नाही, म्हणून भोवती पाणी आणि खड्डा. पहिला प्रश्न: «खंदकावरून जाणारा रस्ता तुझ्या किती पावलांचा आहे? त्यावरून खंदक किती मीटर रुंद ते काढ.» यासाठी आदल्या दिवशी शाळेच्या मैदानात प्रत्येकाची दहा पावलं टेपनं मोजून ठेवा. समजा एखाद्याची दहा पावलं साडेपाच मीटर भरली आणि इथं चाळीस पावलं लागली, तर बावीस मीटर. दोन गटांची उत्तरं जुळत नाहीत, आणि भांडण सुरू होतं: «खंदक कुठून सुरू होतो, काठापासून की उतारापासून?» ते भांडण मला हवंच असतं. फक्त त्या रस्त्यावरून वाहनं जातात. मोजणारा गट एका वेळी एकच, कडेनं, आणि सोबत एक मोठं माणूस.

कमल बस्तीत मात्र वेळ काढा, खरी मजा तिथंच आहे. छताला खाली उमललेलं दगडी कमळ आहे, पाकळ्या बहात्तर. «किती पाकळ्या?» असं विचारलं की मुलं माना वर करतात, तीस-पस्तीसपर्यंत मोजतात, मान दुखते, नजर चुकते आणि शेजाऱ्याचा आकडा लिहितात. म्हणून मी दोन गोष्टी बदलल्या. एक, प्रत्येक गटाला तळहाताएवढा प्लॅस्टिकचा आरसा देतो (काचेचा नको). आरसा पोटाजवळ आडवा धरला की छत खाली येतं आणि मोजणारा उभ्याउभ्या मोजतो. एक मूल मोजतं, दुसरं प्रत्येक दहाला कागदावर एक काडी ओढतं, तिसरं सुरुवातीची पाकळी राखतं. ती पाकळी कुठल्या खांबाच्या रोखानं आहे हे आधी ठरवून घ्यायचं, नाहीतर फेरा पूर्ण झाला की नाही ते कळत नाही. दोन, आकडा शेवटचं उत्तर नसतो. पुढचा प्रश्न असा: «मिळालेल्या आकड्याला चोवीसनं भाग. किती आले? आपल्याला चोवीस का दिले असतील?» कुणीतरी जैन मित्राच्या घरी ऐकलेलं आठवतं आणि गाठ सुटते. भूतकाळाचे चोवीस, आताचे चोवीस आणि पुढे होणारे चोवीस तीर्थंकर, मिळून बहात्तर. एखाद्या गटाचे सत्तर आले तर भागाकार तुटतो आणि ती पोरं आपणहून पुन्हा मोजतात. चूक त्यांची त्यांना कळावी म्हणूनच प्रश्न जोडीनं ठेवलाय.

खांबांचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. तिथले गोल खांब जवळून बघा, कुंभाराच्या चाकावरच्या मडक्यासारख्या आडव्या कडा एकसारख्या फिरलेल्या आहेत. प्रश्न: «हे गोल छिन्नीनं कोरलेत की दगड फिरवून घडवलेत? दिसणारा एक तरी पुरावा लिही.» चालुक्य काळाच्या अखेरच्या शैलीत खांब असे फिरवून घडवत. पण उत्तर तुम्ही सांगू नका. कडा सगळीकडे सारख्याच, वाकडी एकही नाही, असं लिहिलं की झालं. आणि हो, खांबाला कागद टेकवून लिहायचं नाही. पेन नको, पेन्सिल आणि पुठ्ठा द्या.

बस्तीत रोज पूजा होते. चपला, चामड्याचे पट्टे बाहेर ठेवायचे आणि गर्भगृहापाशी कुठलाही प्रश्न ठेवायचा नाही. मुलं तिथं शोधायला लागली की हात पुढे जातात, आणि मग तिथल्या माणसाचं बोलणं आपण ऐकतो.

चिक्की बस्ती जवळच, पण ती पडकी. तिथं एकच प्रश्न: «मोठ्या बस्तीत आहे आणि इथं नाही, अशा तीन गोष्टी शोध.» नसलेलं शोधायला मुलांना वेळ लागतो, त्यासाठी वीस मिनिटं धरा.

गर्दीचं गणित असं. खंदक सगळ्यांचा एकत्र, पण गटागटानं सोडायचा. मग सत्तावीस मुलं कमल बस्तीत आणि सत्तावीस चिक्की बस्तीत, पंचवीस मिनिटांनी अदलाबदल. गट तिघांचे करा आणि गटाला कागद एकच. प्रत्येकाला वेगळा दिला की बोलणं बंद होतं, नकलून घेणं सुरू होतं. पाचजणांच्या गटात दोघं मागं राहून शेंगदाणे खातात, हे मी पाहिलंय.

एक प्रश्न फलकावरचाच ठेवा, मुद्दाम. त्यात कन्नडमधला एखादा शब्द वाचून त्याचा मराठी अर्थ लिहायचा. आपल्या मराठी शाळेत घरी कन्नड बोलणारी दोन-चार मुलं असतातच. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा असा एक मुलगा त्या दिवशी नऊ गटांना हवाहवासा झाला होता. आम्ही त्याला प्रत्येक गटाकडं एकेक मिनिट धाडलं.

पाहणीला सहलीच्या आठवड्यातच जा, महिनाभर आधी नको. एकदा माझ्या कागदावर «दरवाजाच्या डावीकडच्या खांबाजवळ बघ» असं होतं आणि त्या दिवशी तिथं दुरुस्तीचे बांबू बांधलेले! मुलं बांबू मोजत बसली. किल्ल्याचा काही भाग लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा कुठवर जाता येतं आणि मुलांना कुठं बसवता येईल हे त्याच फेरीत विचारून घ्या. पाहणी करताना मी गुडघ्यावर बसून बघतो. सहावीतल्या पोराच्या डोळ्याच्या उंचीवरून जे दिसत नाही, तो प्रश्न कागदावर येत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात वीस मिनिटं ठेवा. खंदकाच्या उत्तरांत सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा काढणारे दोन गट फळ्यासमोर उभे करा, आपापलं पाऊल पुन्हा मोजायला लावा, आणि तुम्ही मागच्या बाकावर जाऊन बसा.