पहिला निरोप बोलून पाठवा

ताई, टाईप करायला लाजताय ना? मीही लाजायचे. नातीने नवा फोन दिला, तेव्हा 'सुप्रभात' लिहिताना भलतंच काहीतरी उमटायचं. मग व्हॉट्सॲपवर माइकचं चित्र दाबून धरलं आणि बोलले, "बाळा, आजी बोलतेय." बोट उचललं की निरोप जातो. (मी आधी नुसतं टिचकी मारून बोलत बसले होते, काहीच रेकॉर्ड झालं नाही!) चुकलात तर बोट न उचलता डावीकडे सरकवा, निरोप रद्द होतो.

एकच बरोबरची खूण दिसली, तर तो अजून पोचलेला नाही. दोन झाल्या की पोचला. माझ्या दुसऱ्या खुणेला तासभर लागला, मी उगाच पुन्हापुन्हा पाठवत राहिले. शेवटी नातीचा आवाज आला, "आजी, चारही वेळा ऐकलं. उद्या पण बोल हं!"